चाकणहून जर्मनीला जाणारं एक पानी पत्र

'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हॅविंग सिक्स इयर्स एक्स्पीरियन्स...' परदेशी नोकरीसाठी आपल्याकडून जाणाऱ्या असंख्य अर्जांची सुरुवात अशी होते. ह्या एका ओळीत तीन गोष्टी बिघडल्या आहेत. वाचणारी व्यक्ती बहुधा 'सर' नसते, कारण भरती पाहणाऱ्या विभागात बायका पुष्कळ असतात. 'हॅविंग' हे रूप इथे चुकीचं आहे. आणि सहा वर्षांचा अनुभव सोबतच्या बायोडेटात दिसतोच, तो पत्रात पुन्हा सांगून वाचणाऱ्याच्या हाती नवं काही पडत नाही.

ह्या पत्राला कव्हर लेटर म्हणतात. जर्मनीत त्याला 'आन्श्रायबेन' असं स्वतंत्र नाव आहे आणि ते एका पानात संपावं अशी अपेक्षा असते. मराठी अभियंत्यांचा ओढा तिकडे वाढलेला आहे, म्हणून जर्मनीचंच उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षं काम केलेला एक प्रोसेस इंजिनिअर आहे. ॲल्युमिनियमची गिअरबॉक्स हाउसिंग यंत्रावर कापून नेमक्या मापात आणणाऱ्या विभागात तो आहे. दक्षिण जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीची जाहिरात त्याने पाहिली: यंत्रकामाच्या प्रक्रिया बसवणारा आणि रिजेक्शन कमी करणारा माणूस हवा, कामाची भाषा इंग्रजी, जर्मन येत असल्यास उत्तम.

त्याच्या पहिल्या मसुद्यात होतं ते असं: मी मेहनती, डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड आहे, मला टीममध्ये काम करायला आवडतं, तुमच्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी सर्वस्व देईन. ह्यात खोटं काही नाही. पण हेच पत्र नाव बदलून बँकेलाही पाठवता येईल, तीच तर अडचण आहे. आत्मविश्वास विशेषणांत असतो अशी आपली समजूत झालेली आहे. अभियंत्याच्या पत्रात तो एखाद्या प्रत्यक्ष केलेल्या कामाच्या नेमक्या वर्णनात असतो.

मग त्याने काय केलं होतं, ते खोदून विचारावं लागतं. उत्तर येतं, 'रिजेक्शन कमी केलं.' किती होतं? शंभरात चार नग. किती झालं? दीड. किती दिवसांत? आठ महिन्यांत. कशामुळे? इथे खरी गोष्ट सुरू होते. हाउसिंगमधलं एक भोक यंत्रावर असताना मापात गोल यायचं, पण नंतर मापन विभागात तेच लंबगोल निघायचं. आधी सगळ्यांना हत्यारावर संशय होता, हत्यारं बदलूनही फरक पडेना. मग त्याने एकच नग क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेला असताना मोजला आणि क्लॅम्प सोडून पुन्हा मोजला. पातळ भिंतीचा नग दाबाखाली किंचित चेपायचा, त्या अवस्थेत भोक गोल कापलं जायचं, आणि दाब सुटला की नग मूळ आकारात परत येताना भोक लंबगोल व्हायचं. त्याने आधाराचे टेकू बरोबर क्लॅम्पच्या खाली आणले आणि शेवटचा हलका काप घेण्यापूर्वी दाब कमी करण्याची पायरी कार्यक्रमात घातली.

पत्राचा मधला परिच्छेद हाच. चार-पाच वाक्यांत अडचण काय होती, कारण कसं सापडलं, मी काय बदललं आणि आकडा कुठून कुठे गेला. जर्मनीतला उत्पादनप्रमुख हे वाचतो तेव्हा त्याला 'मेहनती' शब्दाची गरज उरत नाही. क्लॅम्पच्या दाबाने नग वाकणं त्याच्याही कारखान्यात होतंच. हा माणूस हत्यारावर खापर फोडून थांबला नाही, एवढं त्याला कळतं.

आकडा लिहिताना मात्र सुरुवात आणि शेवट दोन्ही द्यावेत. 'रिजेक्शन साठ टक्क्यांहून जास्त घटवलं' हे ऐकायला भारी वाटतं, पण चारावरून दीडवर की चाळीसवरून पंधरावर, हे त्यातून कळत नाही. लाख आणि कोटी तर लिहूच नयेत. वर्षाला तीन लाख नग असतील तर ३००,००० असं लिहावं. पदवीचे गुणही तसेच. जर्मन पद्धतीत १.० हा सर्वोत्तम दर्जा आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, म्हणून '८.४ सीजीपीए' लिहिताना 'दहापैकी' हे शब्द विसरू नयेत.

आता भाषेची सफाई. आपल्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका काळाच्या असतात आणि त्या थेट मराठीतून येतात. 'मी २०१९ पासून काम करत आहे' हे मराठीत बिनचूक आहे, म्हणून आपण 'आय ॲम वर्किंग सिन्स २०१९' लिहून मोकळे होतो. इंग्रजीत तिथे 'आय हॅव बीन वर्किंग' लागतं, कारण काम तेव्हा सुरू होऊन आजही चालू आहे. उलट 'आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१८' हे चूक. वर्ष सांगितलं की गोष्ट त्या वर्षात संपली, तिथे साधा भूतकाळ 'कम्प्लीटेड' पुरतो. एक सोपी तपासणी आहे: वाक्यात संपलेलं वर्ष दिसलं की क्रियापदाजवळचं 'हॅव' खोडायचं, आणि 'सिन्स' दिसलं की ते आहे ना, हे पाहायचं. ह्या दोनच गोष्टी नीट केल्या तरी पत्र बरंच सुधारतं. 'पास्ड आउट' मात्र कटाक्षाने टाळा. भारताबाहेर बहुतेकांना त्याचा अर्थ शुद्ध हरपणं असाच कळतो.

दुसरी खोड नम्रतेची. आपल्याला 'मी केलं' म्हणायला संकोच वाटतो, म्हणून सगळीकडे 'आम्ही' येतं किंवा 'वॉज रिस्पॉन्सिबल फॉर' येतं. जबाबदारी कोणावर होती हे त्यातून कळतं. काम झालं की नाही, हे गुलदस्त्यातच राहतं. 'आय फाउंड', 'आय चेंज्ड', 'आय मेजर्ड' ही साधी क्रियापदं पुरेशी आहेत. टीम होती तर तिचाही आकार सांगावा: चौघांच्या गटात फिक्स्चरची बाजू माझ्याकडे होती. हा उद्धटपणा नाही.

ह्याच्या उलट टोकाची चूक पत्र दुसऱ्याकडून पॉलिश करून घेताना होते, आणि माझ्या मते ती व्याकरणाच्या चुकीपेक्षा महाग पडते. सफाई करणारा 'मदत केली'चं 'नेतृत्व केलं' करतो, 'एका लाइनवर'चं 'संपूर्ण प्लांटमध्ये' करतो. पत्र झळाळतं. मग व्हिडिओ मुलाखतीत कोणीतरी शांतपणे विचारतं, की ह्या बदलाला मंजुरी कोणी दिली, खर्च किती आला, विरोध कुणाचा होता. आणि उमेदवार अडखळतो. जाहिरात जर्मनमध्ये असेल आणि आपलं जर्मन जेमतेम असेल, तर दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं अस्खलित जर्मन पत्रही असंच पहिल्या फोनवर उघडं पडतं. त्यापेक्षा 'बी-वन परीक्षा उत्तीर्ण, बी-टूचा अभ्यास चालू' हे स्वच्छ सांगावं. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये, ह्या पातळ्यांच्या परीक्षा होतात आणि जर्मन मालकांना त्या ओळखीच्या असतात. 'बेसिक जर्मन' ह्या शब्दांतून त्यांना काहीच समजत नाही.

शेवटचा परिच्छेद आपल्याकडे 'थँकिंग यू इन ॲन्टिसिपेशन'वर वाया जातो. खरं तर तिथे वाचणाऱ्याच्या मनातली न विचारलेली शंका फेडायची असते: ह्या माणसाला आणायचं तर कागदपत्रांचा केवढा व्याप? त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं, पण आधी स्वतः शोधलेलं हवं. जर्मनीच्या `anabin` नावाच्या संकेतस्थळावर परदेशी विद्यापीठांची आणि पदव्यांची नोंद असते. तिथे आपल्या कॉलेजचं नव्हे, तर पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव शोधायचं. त्यापुढे `H+` असेल आणि आपली पदवीही जर्मन पदवीशी तुल्य म्हणून नोंदलेली असेल, तर तसं पत्रात लिहावं. नसेल, तर तुल्यतेचं प्रमाणपत्र मागवावं लागतं आणि त्याचा अर्ज केला आहे का, हे सांगावं.

मग येतं 'ईयू ब्लू कार्ड', पदवीधरांचा निवास परवाना. त्याला पगाराची किमान मर्यादा आहे. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि अभियांत्रिकीसारख्या मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांसाठी ४३,७५९.८० युरो. हे आकडे दर वर्षी बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षाचे पाहून घ्यावेत. जर्मन जाहिरातींत पगाराची अपेक्षा विचारलेली असली तर पत्रातच ती द्यायची असते: कर कापण्यापूर्वीची, पूर्ण वर्षाची, युरोमध्ये. आपल्या सध्याच्या सीटीसीचे युरो करून काढलेला आकडा इथे निरुपयोगी, आणि ह्या मर्यादेखालचा आकडा मागितला तर ब्लू कार्डचा रस्ताच बंद होतो. स्वस्तात मिळणारा माणूस म्हणून आपण निवडले जाऊ, हा हिशेब इथे उलटा पडतो.

रुजू होण्याची तारीखही हवी. आपल्याकडे अनेक कंपन्यांत नव्वद दिवसांची नोटीस असते आणि व्हिसाला वेळ लागतो तो वेगळाच. 'इमीजिएटली अव्हेलेबल' लिहून मोकळं होण्यापेक्षा 'करारानंतर साधारण पाच महिन्यांत' असं लिहिलेलं बरं. जर्मनीतही नोटिशीच्या मुदती लांबच असतात, त्यामुळे त्यांना ह्याचं फारसं नवल वाटत नाही.

मायन्याचं थोडक्यात. संपर्कासाठी जाहिरातीत नाव दिलेलं असेल तर 'डिअर मिझ' किंवा 'डिअर मिस्टर' आणि आडनाव. नसेल तर 'डिअर हायरिंग टीम'. त्याच्या वर पदाचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती पत्रात नको. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यापासून जर्मन कंपन्या अशी माहिती मागण्याचं टाळतात.

पत्र तयार झालं की ज्याला तुमचं काम माहीत आहे अशा एका सहकाऱ्याला ते वाचायला द्या आणि एवढंच विचारा, की ह्यातलं कोणतं वाक्य तू माझ्याबद्दल म्हणणार नाहीस. तो ज्यावर बोट ठेवेल ते वाक्य काढा, आणि पाठवण्याआधी वर मागच्या अर्जातल्या कंपनीचं नाव राहिलेलं नाही ना, तेवढं पाहून घ्या.