तीन-पंचवीस आणि बारा तोळे

गेल्या वर्षी एका परिचितांनी त्यांच्या घरातले 1941 सालचे वाटणीपत्र माझ्याकडे आणले. मूळ कागद मोडीत, सोबत त्याची देवनागरी नक्कल आणि इंग्रजी भाषांतर. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या त्यांच्या बहिणीला वारसाहक्काच्या कामासाठी ते भाषांतर तिथल्या दप्तरी दाखल करायचे होते. भाषा स्वच्छ होती. चुकले होते ते दोन आकडे, आणि दोन्ही चुका अशा की वाचणाऱ्याला संशयही येऊ नये.

पहिला आकडा जमिनीचा. मूळ कागदात ‘3-25’ असे होते. नक्कल टंकताना आडव्या रेघेचा टिंब झाला आणि भाषांतरात ‘सव्वातीन एकर’ उतरले. वास्तविक ते 3 एकर 25 गुंठे. मुंबई इलाख्यातल्या मोजणीची साखळी 33 फुटांची असे. त्या साखळीने चारी बाजूंनी एकेक साखळी भरेल तो चौरस म्हणजे गुंठा, म्हणजेच 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे मिळून एकर होतो. त्यामुळे 25 गुंठे म्हणजे पाव एकर नव्हे, एकराचे पाच अष्टमांश. खरे क्षेत्र 145 गुंठे. भाषांतरात 130 आले. पंधरा गुंठे जमीन एका टिंबात बुडाली.

हे ओळखायचे कसे? कागदातच खूण असते. एकर-गुंठ्यांच्या रकान्यात दुसरा आकडा 39 च्या पुढे जात नाही. त्याहून पक्की खूण बेरजेची. या वाटणीपत्रात थोरल्याकडे 1-30, धाकट्याकडे 1-35 आणि खाली एकूण 3-25 असे मांडले होते. दशांश समजून बेरीज केली तर 2.65 येते, जी कागदाशी जुळत नाही. 65 गुंठ्यांतला एक एकर हातचा धरला की 3-25 बरोबर येते. ज्याने तो कागद लिहिला त्याचीच बेरीज त्याची पद्धत सांगते.

गंमत अशी की आजच्या सातबाऱ्यावर याच क्षेत्राचा आकडा 1.46.70 असा दिसेल: 1 हेक्टर, 46 आर, 70 चौरस मीटर. इथे शंभराची पट असल्याने तो 1.4670 हेक्टर असा दशांशात वाचला तरी चालतो. दोन्ही कागदांवरचे टिंब दिसायला सारखेच. पण जुन्यात ते चाळिसाचे, नव्यात शंभराचे. आर हा गुंठ्याच्या फार जवळचा आहे, गुंठा सुमारे 101.17 चौरस मीटर आणि आर 100. म्हणून लोक दोघांना एकच म्हणतात. बोलण्यात ते खपते, दप्तरात खपवू नये.

दुसरा आकडा आईच्या दागिन्यांचा: ‘सोने तोळे 12 मासे 4 गुंजा 2’. भाषांतरकाराने तोळा 10 ग्रॅमचा धरून 123.54 ग्रॅम लिहिले. आज सराफाकडे तोळा म्हणजे 10 ग्रॅम हे खरेच. पण हा तोळा दशमान पद्धत आल्यानंतरचा आहे. कंपनी सरकारने 1833 साली तोळा 180 ग्रेनांचा, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या वजनाचा ठरवला. ‘रुपयाभार सोने’ हा शब्दप्रयोग त्यातलाच. तो तोळा 11.664 ग्रॅमचा. तोळ्याचे 12 मासे, माशाच्या 8 गुंजा. म्हणजे 12 तोळ्यांचे 139.97, 4 माशांचे 3.89 आणि 2 गुंजांचे 0.24, एकूण 144.10 ग्रॅम. फरक साडेवीस ग्रॅमांचा, आजच्या हिशेबाने दोन तोळ्यांहून थोडा जास्त. इंग्रजीत औंसात सांगायचे झाले तर सोन्याचा ट्रॉय औंस 31.10 ग्रॅमचा आणि किराणा मालाचा 28.35 चा, हेही लिहावे लागते. त्यापेक्षा ग्रॅम बरे.

आम्ही नवी नोंद केली तेव्हा एकच शिस्त पाळली. आधी मूळ शब्द आणि आकडे जसेच्या तसे, रोमन लिपीत. ‘गुंठा’ला ‘गुंठा’च म्हटले. त्यानंतर कंसात मेट्रिक रूपांतर. तळटीपेत ते कशाच्या आधारे केले ते: 40 गुंठ्यांचा एकर, 180 ग्रेनांचा तोळा. मधल्या पायऱ्यांवर आकडे गोळाबेरीज केले नाहीत, शेवटीच केले. उद्या कुणाला आमचा गुणक चुकीचा वाटला तर मूळ आकडा त्याच्यासमोर आहे. तो पुन्हा हिशेब करू शकेल. पहिल्या भाषांतरात ही सोयच नव्हती, मूळ आकडा तिथे पुसला गेला होता.

दोन मर्यादा तळटीपेतच नोंदवल्या. रूपांतर म्हणजे मोजणी नव्हे: 14,670 चौरस मीटर हा कागदावरच्या आकड्याचा अनुवाद आहे, बांधावर जाऊन मोजलेले क्षेत्र वेगळे निघू शकते. आणि 144.10 ग्रॅम हे दागिन्यांचे वजन आहे. त्यात शुद्ध सोने किती, हे तोळा सांगत नाही.

बहिणीने नवी प्रत दाखल केली. जुनी प्रत परिचितांनी फाडली नाही. तिच्यावर लाल शाईने त्यांनी फक्त एक आडवी रेघ काढली, तीन आणि पंचवीसच्या मध्ये.