सेटचा अर्थशास्त्राचा पेपर: १०० प्रश्न, १२० मिनिटं; कोणता प्रश्न सोडायचा, कुठे अंदाज लावायचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कॉलेजांमध्ये तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, सेटची तारीख त्यांना पाठ असते. परीक्षेसाठी वणीहून चंद्रपूर जवळ पडतं, उमरखेडहून नांदेड आणि खुद्द यवतमाळहून अमरावती. म्हणजे पहाटेची एसटी आणि सकाळी सामान्य ज्ञान-अभियोग्यतेचा एक तासाचा पहिला पेपर. त्यानंतर थोडी विश्रांती घेऊन खरा सामना: विषयाचा दुसरा पेपर.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा घेतं. अर्थशास्त्राच्या पेपरमध्ये १०० प्रश्न असतात, प्रत्येकाला २ गुण आणि वेळ २ तास. सहाय्यक प्राध्यापक होण्याच्या वाटेवरची ही महत्त्वाची पायरी. पण दोन्ही पेपर मिळून ४० टक्के (राखीव प्रवर्गांसाठी ३५ टक्के) मिळाले की झालं, असं नाही. तो फक्त उंबरठा आहे. परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण ६ टक्के उमेदवारच पात्र ठरतात, त्यामुळे प्रत्यक्षातली कटऑफ त्या उंबरठ्यापेक्षा वर जाते आणि तिथे पाच-सहा गुणांनी खूप फरक पडतो.

हे पाच-सहा गुण अनेकदा अभ्यासाअभावी जात नाहीत. ते वेळेच्या हिशेबात जातात.

एमपीएससीची सवय इथे महागात पडते

आपल्याकडे सेट देणारे बरेच जण एमपीएससीही देत असतात. तिथे चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात. त्यामुळे खात्री नसेल तर प्रश्न कोरा सोडायचा, ही शिस्त हाताला लागलेली असते.

सेटमध्ये नकारात्मक गुण नाहीत. प्रश्नपुस्तिकेच्या पहिल्या पानावरच्या सूचनांमध्ये ते छापलेलं असतं, पण सूचना वाचतो कोण! तुम्ही १२ प्रश्न कोरे सोडले तर शून्य. त्याच १२ प्रश्नांना डोळे मिटून गोळे भरले, तरी चार पर्यायांपैकी एक बरोबर असल्यामुळे सरासरी ३ उत्तरं जमतात. म्हणजे ६ गुण. दोन्ही पेपरच्या ३०० गुणांत हे २ टक्के झाले.

म्हणून या पेपरमध्ये 'सोडणे' याचा अर्थ 'नंतरसाठी ठेवणे' एवढाच. कोरा गोळा एकही ठेवायचा नाही.

७२ सेकंदांचा फसवा हिशेब

१२० मिनिटं भागिले १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. गणित बरोबर आहे, पण त्याप्रमाणे पेपर सोडवला तर घात होतो, कारण अर्थशास्त्राचे प्रश्न एका मापाचे नसतात. 'गिफेन वस्तू म्हणजे काय' या धाटणीचा प्रश्न २० सेकंदांत होतो. विधान आणि कारण तपासायला सव्वा मिनिट लागतं. अर्थमितीचं एखादं गणित तीन मिनिटं खातं आणि शेवटी देतं तेच २ गुण.

समजा आर्णीहून आलेली एक उमेदवार पहिल्या प्रश्नापासून ओळीने सोडवत गेली. अवघड प्रश्नांवर ती थोडी रेंगाळली आणि सरासरी ७२ ऐवजी ८६ सेकंद लागले. फरक फक्त १४ सेकंदांचा. पण दोन तास संपले तेव्हा ती ८४व्या प्रश्नावर होती. उरलेल्या १६ मध्ये निम्मे तरी तिला सहज येणारे होते, ते तिने वाचलेच नाहीत. पंधरा-सोळा गुण न बघता गेले.

उपाय असा, की आधी सगळा पेपर एकदा वाचून व्हायला हवा आणि तोही साधारण तासाभरात.

तीच उमेदवार फेऱ्यांमध्ये सोडवेल तर

पहिली फेरी. प्रत्येक प्रश्न वाचायचा आणि २० सेकंदांत एकच ठरवायचं: उत्तराकडे जाणारी वाट दिसतेय का? दिसत असेल तर लगेच सोडवायचा. नसेल तर पुस्तिकेत खूण करून पुढे. तिला ५६ प्रश्न असे जमले, प्रत्येकी ४० सेकंदांत. ते झाले ३७ मिनिटं. उरलेले ४४ फक्त वाचून सोडले, त्याला १५ मिनिटं. ५६ गोळे रंगवायला जवळपास ५ मिनिटं. (गोळ्यांचा हा वेळ घरच्या सरावात कोणी धरत नाही.) एकूण ५७ मिनिटं, आणि सगळा पेपर नजरेखालून गेलेला.

दुसरी फेरी. ४४ पैकी ३० प्रश्न 'विचार केला तर येईल' या गटातले: जोड्या लावा, कालक्रम, विधान-कारण. गोळ्यासकट प्रत्येकी सव्वा मिनिट धरलं तर ३८ मिनिटं. घड्याळात ९५ मिनिटं झाली.

तिसरी फेरी. उरलेल्या १४ पैकी ६ गणितं किंवा लांबलचक प्रश्न असे, की पद्धत माहीत आहे पण वेळ लागणार. प्रत्येकी २ मिनिटं, म्हणजे १२ मिनिटं. राहिलेल्या ८ प्रश्नांचा विषयच वाचलेला नाही. तिथे विचार करून काही निघणार नाही, थेट अंदाज आणि २ मिनिटं पुरे. १०९ मिनिटं झाली. सुरुवातीला पुस्तिकेची पानं आणि प्रश्नसंख्या तपासायला गेलेला वेळ धरूनही हाताशी सात-आठ मिनिटं राहतात.

हे आकडे प्रत्येकाचे वेगळे येतील. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या की तुमचे कळतात. पण तासाच्या आसपास शंभरावा प्रश्न वाचून व्हायला हवा, एवढं पक्कं धरा. ६० मिनिटांनी तुम्ही ७०व्या प्रश्नावर असाल, तर तुम्ही वाट न दिसणारे प्रश्न सोडवत बसला आहात.

खुणा दोन प्रकारच्या ठेवल्या की परतताना पुन्हा सगळं वाचावं लागत नाही. येण्यासारख्या प्रश्नाच्या क्रमांकाला गोल, अजिबात न वाचलेल्या विषयाला फुली. परतताना आधी फक्त गोल बघायचे.

अवघड दिसतो तो अवघड असतोच असं नाही

प्रश्नाचं रूप बघून तो सोडला तर पुन्हा नुकसान. समीकरण दिसलं की कला शाखेतून आलेल्या अनेकांचा हात थबकतो. हा प्रश्न बघा:

C = 100 + 0.8Y आणि गुंतवणूक ५० असेल, तर समतोल उत्पन्न किती? पर्याय: ६००, ७००, ७५०, ८००.

रीत माहीत असेल तर स्वायत्त उपभोग आणि गुंतवणूक मिळून १५०, भागिले ०.२, उत्तर ७५०. रीत विसरली असेल तरी पर्याय टाकून बघता येतो. ७५० चे ८० टक्के ६००, त्यात १०० आणि ५० मिळवले की पुन्हा ७५०. उत्पन्न आणि खर्च जुळले. कॅल्क्युलेटर नसतानाही अर्ध्या मिनिटाचं काम. असा प्रश्न पहिल्याच फेरीत घ्यायला हवा.

जोड्यांचंही तसंच. लुईस, नर्क्से, रोझेन्स्टाइन-रोडान आणि हर्शमन यांच्या नावांपुढे सिद्धान्त लावायचे आहेत. चारही जोड्या जुळवत बसायची गरज नसते. लुईसचा श्रमाचा अमर्याद पुरवठा तुम्हाला पक्का माहीत आहे, तर ती जोडी ज्या पर्यायांत नाही ते आधी कापा. बहुतेक वेळा दोन उरतात. मग हर्शमनची असंतुलित वाढ आठवली की निकाल लागतो.

अर्धवट ज्ञानाचा अंदाज

आंधळा अंदाज आणि अर्धवट माहितीचा अंदाज यांत दुप्पट फरक असतो. समजा विचारलंय: प्रथम क्रमाचा स्वसहसंबंध ०.३ असेल, तर डर्बिन-वॉटसन मूल्य सुमारे किती? पर्याय ०.६, १.४, २.६, ३.४.

सूत्र आठवत असेल तर 2(1 − 0.3), म्हणजे १.४. आठवत नसेल, पण एवढं लक्षात आहे की हे मूल्य २ च्या आसपास असेल तर स्वसहसंबंध नाही आणि धन सहसंबंधात ते २ पेक्षा कमी होतं. मग २.६ आणि ३.४ बाद. आता शक्यता चारात एक नाही, दोनात एक. असे दहा प्रश्न असतील तर सरासरी अडीचऐवजी पाच उत्तरं बरोबर येतात.

त्यामुळे पर्याय कापण्यासाठी अर्धा मिनिट देणं परवडतं. दोन उरल्यावर मात्र आणखी मिनिटभर घासाघीस करू नका, तेवढ्या वेळात दुसरा प्रश्न सुटतो. आणि पूर्ण अनोळखी प्रश्नांसाठी 'सी जास्त वेळा येतो' वगैरे होस्टेलमधल्या सिद्धान्तांना आधार नाही. सगळीकडे एकच अक्षर भरा. शक्यता तेवढीच राहते आणि वेळ वाचतो.

ओएमआरवरची घसरण

फेऱ्यांच्या पद्धतीत एक धोका आहे. २३वा प्रश्न सोडला आणि २४व्याचं उत्तर २३ च्या ओळीत भरलं, तर पुढची सगळी रांग एक घर सरकते. हे बहुतेक वेळा पंधरा-वीस प्रश्नांनंतर कळतं. पेनाने भरलेला गोळा पुसता येत नाही, आणि दुसरा भरला तर एका प्रश्नाची दोन उत्तरं होतात, म्हणजे तो प्रश्न गेलाच.

यावर चालणारी रीत अशी: उत्तर आधी पुस्तिकेत पर्यायावर टिक करून ठेवा आणि एक पान संपलं की त्या पानाचे गोळे एकदम भरा, प्रत्येक वेळी क्रमांक मनात म्हणत. पानाचा शेवटचा क्रमांक आणि ओएमआरवरचा क्रमांक जुळला की पुढे. मन बदलायचं असेल तर ते टिक आणि गोळा यांच्या मधल्या वेळातच. मात्र सगळे गोळे शेवटी भरू म्हणून ठेवू नका. शंभर गोळ्यांना आठ-नऊ मिनिटं लागतात, आणि घंटा वाजल्यावर पर्यवेक्षक तेवढी देत नाहीत.

शेवटच्या सात-आठ मिनिटांत नवीन प्रश्न हातात घेऊ नका. ओएमआरवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवा आणि कोरी ओळ शोधा. दिसली की भरा.