फोटोतला 5 की 6?

अकरावीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर परीक्षेच्या आदल्या रात्री असे फोटो हमखास फिरतात. वहीचे तिरके पान, त्यावर ट्यूबलाइटची चकाकी, कोपऱ्यात मोबाइलची सावली. मध्ये तीन समीकरणे आणि खाली प्रश्न: यांना एकमेव उकल आहे का? अशाच एका पानावर पुढची तीन समीकरणे आहेत असे समजू.

x + y + z = 6
2x − y + 3z = 9
4x + y + 5z = 21

तिसऱ्या ओळीतला 5 चकाकीत सापडला आहे. तो 6 असण्याचीही शक्यता आहे. एवढ्याशा अंकाने काय बिघडणार, असे वाटेल. पण इथे सगळा निकाल त्याच्यावरच अवलंबून आहे.

प्रश्न नीट वाचला तर लक्षात येते, की x, y, z यांच्या किमती विचारलेल्याच नाहीत. उकल एकच आहे का, एवढेच विचारले आहे आणि ते समीकरणे न सोडवताही सांगता येते. त्यासाठी फक्त चलांचे सहगुणक उचलायचे. उजवीकडचे 6, 9, 21 तूर्त बाजूला. सहगुणक उचलताना तीन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. प्रत्येक ओळीत x, y, z यांचा क्रम तोच हवा. एखादे चल दिसत नसेल तर त्याच्या जागी 0 लिहायला हवे. आणि उणे चिन्ह सहगुणकाबरोबरच यायला हवे. फोटोत बारीक आडवी रेघ सगळ्यात आधी गायब होते, म्हणून दुसऱ्या ओळीतला −1 दोनदा पाहून घेतलेला बरा.

आता तीन ओळी आणि तीन स्तंभांचा चौकोन तयार होतो.

1   1   1
2  −1   3
4   1   5

या नऊ संख्यांपासून ठरलेल्या रीतीने एक संख्या मिळते, तिला निश्चयक म्हणतात. वरच्या ओळीतली एकेक संख्या घ्यायची आणि तिची ओळ व तिचा स्तंभ झाकायचा. उरलेल्या चार संख्यांचा तिरका गुणाकार करून वजाबाकी करायची. पहिल्या 1 साठी (−1)(5) − (3)(1), म्हणजे −8. दुसऱ्यासाठी (2)(5) − (3)(4), म्हणजे −2. तिसऱ्यासाठी (2)(1) − (−1)(4), म्हणजे 6. मधल्या पदाचे चिन्ह उलटते, हे विसरणारे वर्गात निम्मे तरी असतात. म्हणून −8 + 2 + 6, उत्तर 0.

निश्चयक शून्य आला, म्हणजे एकमेव उकल नाही. कारणही पानावरच आहे. पहिल्या समीकरणाची दुप्पट करून त्यात दुसरे मिळवले, की डावीकडे 4x + y + 5z आणि उजवीकडे 12 + 9 = 21 मिळतात. हेच तिसरे समीकरण! म्हणजे तिसऱ्या ओळीने नवी माहिती काहीच दिलेली नाही. माहिती दोन समीकरणांची आणि अज्ञाते तीन. मग (5, 1, 0) ही उकल चालते, (1, 2, 3) चालते, (−3, 3, 6) सुद्धा चालते. उकली अनंत आहेत.

तोच पुसट अंक 6 वाचला तर? पहिले पद (−1)(6) − (3)(1) = −9, दुसरे (2)(6) − (3)(4) = 0, तिसरे 6. निश्चयक −3. तो शून्य नाही, म्हणून उकल एकच: x = 5, y = 1, z = 0.

खरी मेख पुढे आहे. समजा वहीत 5 च होता आणि वाचणाऱ्याने तो 6 वाचला. त्याने सोडवून (5, 1, 0) काढले आणि पडताळ्यासाठी वहीतल्या मूळ समीकरणांत घातले. तिन्ही समीकरणे जुळतात! z शून्य असल्यामुळे त्याला 5 ने गुणले काय आणि 6 ने गुणले काय, सारखेच. पडताळा पास झाला तरी ‘एकमेव’ हा शब्द चुकीचाच राहतो. किमती घालून पाहिल्याने फक्त आपली उकल बरोबर असल्याचे कळते. दुसरी उकल नसल्याची हमी त्यातून मिळत नाही. ती हमी निश्चयक देतो.

भूमितीत पाहिले तर तीन चलांचे प्रत्येक समीकरण म्हणजे अवकाशातले एक सपाट प्रतल. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी एका बिंदूत भेटतात, तशी तीन प्रतले भेटली तर उकल एक. आपल्या पानावरची प्रतले मात्र एका सरळ रेषेत भेटतात आणि त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू ही उकलच असते.

फोटोत 1 आणि 7 यांचीही गल्लत होते. सहगुणक 5 च ठेवून शेवटचा 21 हा 27 वाचला, तर निश्चयक 0 च राहतो, कारण उजवी बाजू त्यात येतच नाही. पण आता पहिल्या दोन ओळींवरून 4x + y + 5z = 21 ठरते आणि तिसरी ओळ त्यालाच 27 म्हणते. उकलच नाही. थोडक्यात, शून्य निश्चयक ‘एकमेव नाही’ एवढेच सांगतो. अनंत उकली आहेत की एकही नाही, याचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

इथे क्रेमर आठवतो. महाराष्ट्रात दहावीच्या बीजगणितात दोन चलांसाठी त्याची पद्धत शिकवतात. जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमरने ती १७५० साली वक्रांवरच्या आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात दिली. तीत D खेरीज Dx, Dy, Dz असे आणखी तीन निश्चयक काढतात. त्या-त्या चलाच्या स्तंभाच्या जागी उजवीकडच्या संख्या बसवायच्या. D शून्य आणि या तिघांपैकी एखादा शून्याहून वेगळा असेल तर उकल नाही, हे पक्के. 27 च्या वाचनात Dx = 24 येतो, म्हणून तिथे उकल नाही.

पण ‘चारही शून्य म्हणजे अनंत उकली’ हे वाक्य अनेक मुले घोकतात आणि तीन चलांच्या बाबतीत ते बिनचूक नाही. x + y + z = 1, x + y + z = 2, x + y + z = 3 ही तीन समीकरणे पाहा. चारही निश्चयक शून्य येतात, कारण प्रत्येकात निदान दोन स्तंभ सारखेच आहेत. उकल मात्र एकही नाही. एकच बेरीज 1, 2 आणि 3 कशी असेल? चारही शून्य आले, की निश्चयक सोडून एकेक चल काढून टाकण्याच्या साध्या रीतीकडे वळावे. शेवटी 0 = 0 उरले तर उकली अनंत, 0 = 6 सारखे काही उरले तर उकल नाही.

तेव्हा फोटोतला एखादा अंक पुसट असेल, तर दोन्ही वाचनांचे निश्चयक काढून पाहा. दोन्ही शून्याहून वेगळे असतील, तर ‘उकल एकमेव’ हे उत्तर बेधडक द्या. एक शून्य आणि दुसरा नाही असे निघाले, तर अंदाजाने अंक न ठरवता पानाचा दुसरा, सरळ धरलेला फोटो मागवा.