सिग्नलची चाहूल लागणारा रेझिस्टर

बिल ह्यूलेट यांनी १९३९च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये जो ऑसिलेटर बनवला, त्यात एक साधा छोटा दिवा होता. उजेडासाठी नव्हे, आवरण्यासाठी. ऑसिलेटरची लहर मोठी होऊ लागली की दिव्याची तार तापायची, तिचा रोध वाढायचा आणि अॅम्प्लिफायरची वाढ आपोआप कमी व्हायची. लहर लहान झाली की उलट. तापायला आणि निवायला तारेला वेळ लागतो, म्हणून लहरीच्या एका हेलकाव्यापुरता दिव्याचा रोध जवळजवळ हलतच नाही. दिवा आळशी होता म्हणूनच ती लहर स्वच्छ होती.

मला हवं होतं तेही याच जातीचं काम, पण माइकसाठी. आमच्याकडच्या एका कीर्तनाचं रेकॉर्डिंग करायचं होतं. बुवा निरूपणात कानाशी बोलल्यासारखे बोलतात आणि पुढच्याच मिनिटाला टाळ-मृदंगासह वरच्या सप्तकात जातात. दर वेळी कुणी आवाजाचं बटण फिरवत बसणार नाही. हे काम सर्किटनं स्वतः करावं, याला ‘ऑटोमॅटिक गेन कंट्रोल’ म्हणतात. माइकच्या काही मिलिव्होल्टनी दिव्याची तार तापत नाही, तेव्हा दुसरा कुणीतरी फिरता रेझिस्टर शोधणं भाग होतं. हाताशी होता मॉसफेट.

मॉसफेटला तीन पाय: सोर्स, ड्रेन आणि गेट. गेटवरचं व्होल्टेज एका उंबरठ्यापलीकडे गेलं की सोर्स आणि ड्रेन यांच्यामध्ये विद्युतवाहक पट्टा तयार होतो. ड्रेनवर थोडंसंच व्होल्टेज असेल तोवर हा पट्टा रेझिस्टरसारखा वागतो. गेट वर नेलं की रोध घटतो, खाली आणलं की वाढतो. या मुलुखाला ‘ट्रायोड विभाग’ म्हणतात. नाव जुन्या व्हॉल्व्हवरून आलेलं आहे, सिलिकॉनशी त्याचा काही संबंध नाही. पाठ्यपुस्तकात त्याचा करंट असा देतात:

Id = K × [ (Vgs − Vt) × Vds − Vds² / 2 ]

Vgs म्हणजे गेटवरचं, Vds म्हणजे ड्रेनवरचं व्होल्टेज, Vt हा उंबरठा आणि K म्हणजे त्या मॉसफेटची ताकद. कंसातला पहिला भाग अस्सल रेझिस्टरचा आहे: ड्रेनचं व्होल्टेज दुप्पट केलं तर करंट दुप्पट. सगळी कटकट दुसऱ्या भागात आहे, कारण त्यात ड्रेनच्या व्होल्टेजचा वर्ग आहे. ड्रेन वर गेला की त्या टोकाचा पट्टा पातळ होतो आणि रोध वाढतो. ड्रेन सोर्सच्या खाली गेला की पट्टा जाड होतो आणि रोध घटतो. म्हणजे ज्या आवाजाला आवरायचं, तोच आवाज जाता जाता रोध बदलून जातो. दिव्याला एकेका हेलकाव्याची चाहूल लागत नव्हती, मॉसफेटला लागते.

माझी जुळणी सोपी होती. माइकच्या पहिल्या अॅम्प्लिफायरनंतर १८ किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या पुढच्या टोकापासून जमिनीपर्यंत मॉसफेट आणि तिथूनच पुढे २५ पट वाढवणारा दुसरा अॅम्प्लिफायर. हळू आवाजात या टोकावर ४० मिलिव्होल्टचं शिखर यायचं. तेव्हा मॉसफेट बंद आणि बाहेर १ व्होल्ट. आवाज दहापट झाला, म्हणजे ४०० मिलिव्होल्ट आले, की मॉसफेटनं २ किलोओहम व्हायचं. १८ आणि २ यांच्या विभागणीत दहावा हिस्सा उरतो, म्हणजे पुन्हा ४० मिलिव्होल्ट. बाहेरच्या आवाजाचं शिखर मोजून त्यावरून गेटचं व्होल्टेज ठरवणारा भाग वेगळा होता.

आता विकृतीचा हिशेब. वर्गाच्या त्या पदामुळे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा एक पाहुणा स्वर जन्मतो. तो मुळाच्या किती प्रमाणात, हे काढायचं तर ड्रेनवरचं शिखर उंबरठ्यावर उरलेल्या गेट-व्होल्टेजच्या चौपटीनं भागायचं. शिवाय पाहुण्याचा थोडा भाग विभागणीत गळतो, त्यासाठी १८ किलोओहमला दोन्ही रोधांच्या बेरजेनं भागून गुणायचं. माझ्या मॉसफेटची ताकद दर व्होल्टच्या वर्गाला अर्धा मिलिअँपिअर धरली, तर २ किलोओहमसाठी उंबरठ्यावर १ व्होल्ट लागतो. उत्तर येतं सुमारे ०.९%. भाषणाला हे चालून जातं.

मी इथेच थांबलो होतो आणि फसलो. बुवा जोरात गायले तेव्हा रेकॉर्डिंग ठीक होतं. ते नुसते थोडे सरसावून बोलले की आवाजाला खरखरीत कड यायची. कागद पुन्हा पुढे ओढल्यावर कारण दिसलं. आवाज फक्त दुप्पट झाला तर मॉसफेटला १८ किलोओहम व्हावं लागतं आणि त्यासाठी गेट उंबरठ्याच्या जेमतेम ०.११ व्होल्ट वर असतं. ड्रेनवर मात्र तेच ४० मिलिव्होल्ट. आता विकृती साडेचार टक्के! किंचित आवरताना मॉसफेट सर्वांत वाकडा वागतो, घट्ट आवरताना सरळ. ओरडण्याची भीती बाळगून मी नेमकी शांत टोकाची चाचणी केलीच नव्हती.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि नवखे तिथे हमखास चुकतात. लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळणारा २एन७००० घ्यावासा वाटतो. तो पूर्ण उघडला की त्याचा रोध ५ ओहमच्या आत येतो. स्विच म्हणून झकास. पण इतक्या ताकदवान मॉसफेटला २ किलोओहमवर थांबवायचं तर गेट उंबरठ्याच्या केसभर अंतरावर ठेवावं लागतं आणि ४० मिलिव्होल्टचा सिग्नल त्या केसाहून कितीतरी जाड असतो. लहरीचा वरचा आणि खालचा अर्धा भाग एकमेकांसारखे उरतच नाहीत. या कामाला अशक्त मॉसफेट हवा. सीडी ४००७ या जुन्या चिपमध्ये असे मिळतात आणि एकाच सिलिकॉनवर असल्यानं एकमेकांशी जुळतातही.

वर्गाचं पद पुसण्याची युक्ती जुनी आहे आणि मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ड्रेनपासून गेटपर्यंत १ मेगाओहम आणि नियंत्रक व्होल्टेजपासून गेटपर्यंत दुसरा १ मेगाओहम जोडायचा. मग गेटवर ड्रेनच्या व्होल्टेजचा अर्धा भाग मिसळतो. वरच्या सूत्रात Vgs मध्ये अर्धा Vds घाला: त्याला बाहेरच्या Vds नं गुणल्यावर जे पद येतं, ते वजाबाकीतल्या पदाशी अचूक कटतं. कागदावर उरतो निखळ रेझिस्टर. बदल्यात नियंत्रक व्होल्टेज दुप्पट द्यावं लागतं.

खऱ्या मॉसफेटमध्ये मात्र पट्ट्याखालचं सिलिकॉनही थोडा हात घालतं आणि वजा होणारं पद अर्ध्याहून जरा मोठं निघतं. म्हणून अर्ध्याहून किंचित जास्त भाग परत द्यावा लागतो. मी एका मेगाओहमच्या जागी ट्रिमर घातला आणि दुसरा पाहुणा स्वर कमीत कमी होईपर्यंत फिरवला. त्यानंतर जे उरतं ते बहुतेक तिप्पट कंपनसंख्येचं असतं आणि या युक्तीला दाद देत नाही.

या रेझिस्टरांना वेगाचीही मर्यादा आहे. दोन मेगाओहमांच्या मागे गेटला प्रत्यक्षात ५०० किलोओहम दिसतात. २एन७००० च्या गेटची धारकता ५० पिकोफॅरडपर्यंत असू शकते; तेवढ्यानं साधारण ६ किलोहर्ट्झच्या वर दुरुस्ती मागे पडू लागते. सीडी ४००७ च्या ५ पिकोफॅरडला ही अडचण ६० किलोहर्ट्झच्या पुढे येते.

विकृतीचा दुसरा उगम मॉसफेटमध्ये नसतोच, तो आवाज मोजणाऱ्या भागात असतो. शिखर साठवणारा माझा कॅपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड होता आणि तो १ मेगाओहममधून रिकामा व्हायचा, म्हणजे काळ ०.१ सेकंद. १०० हर्ट्झच्या स्वरात दोन्ही बाजूंची शिखरं मोजली तर दर ५ मिलिसेकंदांनी तो भरतो. मधल्या वेळात तो ५% उतरतो. गेटवर अडीच व्होल्ट असतील, तर सव्वाशे मिलिव्होल्टची करवत तयार होते. त्यातला उंबरठ्यावरचा भाग एकच व्होल्ट, म्हणजे रोध सुमारे १२% मागेपुढे झुलतो. करवतीची कंपनसंख्या आवाजाच्या दुप्पट असते आणि तिनं मूळ आवाजाला गुणलं की तिप्पट कंपनसंख्येचा स्वर निघतो, माझ्या हिशेबानं सुमारे २%. रेझिस्टर आदर्श असता तरी तो निघालाच असता. कॅपॅसिटर मोठा केला की करवत मवाळ होते, पण टाळांच्या कडकडाटानंतर बुवांचा हळू आवाज बराच वेळ दबलेला राहतो.

मग दोष कुणाचा हे ओळखायचं कसं? एकच स्वर आत सोडून त्याची कंपनसंख्या बदलत न्यायची. वर जाताना विकृती घटत गेली तर करवत दोषी. तशीच राहिली आणि फक्त आवाजाच्या पातळीनुसार बदलली तर मॉसफेट दोषी. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे गेट मोजणाऱ्या भागापासून सोडवून त्याला बॅटरी आणि फिरत्या रेझिस्टरवरून व्होल्टेज देणं. तरीही जे ऐकू येतं, ते सगळं मॉसफेटचं.

एका स्वरानं मात्र खरी परीक्षा होत नाही. वर्गाच्या पदातून दोन स्वरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही निघतात. सा २४० हर्ट्झ धरला तर प ३६० वर. त्यांची बेरीज ६०० म्हणजे तार गंधार आणि वजाबाकी १२० म्हणजे खर्जातला सा. तंबोरा ही विकृती पोटात घालतो. पण सा आणि २७० चा रे एकत्र वाजले की ५१० निघतो आणि तो तार सा आणि तार रे यांच्या मध्ये, दोन्हींशी न जुळणारा. पेटीवर एक बोट घसरलं की मला जी कड ऐकू येत होती ती हीच.

एक गोष्ट मात्र उरलीच. अचानक टाळी पडली की मोजणारा भाग जागा होईपर्यंत काही मिलिसेकंद मॉसफेट बंद असतो आणि ड्रेनवर पूर्ण सिग्नल येतो. त्याच्या अंगातच एक डायोड असतो. ड्रेन साधारण अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली गेला की तो वाहू लागतो आणि लहरीचा तळ सपाट कापला जातो. सीडी ४००७ चा ७ नंबरचा पाय ऋण पुरवठ्याला जोडून, सोर्स वेगळा असलेला मॉसफेट वापरला की हे टळतं. पण मग उंबरठा वर सरकतो आणि ट्रिमर पुन्हा फिरवावा लागतो. मी तो पाय हलवला नाही. टाळांच्या पहिल्या ठोक्याचा तळ माझ्या रेकॉर्डिंगमध्ये अजून कापलेलाच आहे, आणि तो फक्त ऑसिलोस्कोपवर दिसतो.