आधी बाजार, मग बेत

आठवड्याचा बेत कागदावर लिहून बाजारात गेलं की खर्च हमखास वाढतो. जुलैच्या पावसात यादीत मेथी असते. पण सततच्या पावसानं मेथी, पालक, कोथिंबीर शेतातच सडते, उरलेली वाटेत खराब होते आणि चिखलानं माखलेली छोटी जुडी दुप्पट भावानं घ्यावी लागते. त्याच बाजारात कोपऱ्यात टाकळ्याचे वाटे पडलेले असतात. पहिल्या पावसानंतर माळरानावर आपोआप उगवणारी ही भाजी चवीला मेथीच्या जवळची, तरीही स्वस्त.

म्हणून यादीत पदार्थाचं नाव लिहू नये, जागा लिहावी: दोन वेलभाज्या, दोन पालेभाज्या, दोन दिवस कडधान्य. कोणती भाजी घ्यायची, ते बाजारातले ढीग पाहून ठरवावं. एप्रिल-मेमध्ये पाण्याअभावी पालेभाजी महागते आणि लवकर कोमेजते. तेव्हा दुधी, दोडका, तोंडली यांना जास्त दिवस द्यावेत. पावसाळ्यात माठ, अंबाडी, अळू, टाकळा यांचे दिवस वाढवावेत.

जुलैतला एक आठवडा पाहू. रविवारी अर्धा किलो दोडकी, दुधी, टाकळ्याचे दोन वाटे आणि अंबाडीची जुडी आणली. पाला टिकत नाही, म्हणून तो आधी संपवायचा. रविवारी टाकळ्याची कोवळी पानं खुडून कांदा-लसणावर परतायची. पाला शिजून अगदी मूठभर होतो, म्हणून त्यात भिजवलेली मूगडाळ घातली की चौघांना पुरतो. सोमवारी अंबाडी शिजवून, पिळून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून भाजी. अंबाडी न धुता, कोरडी करून कागदात गुंडाळली तर एक दिवस नीट राहते. मंगळवारी मटकीची उसळ. बुधवारी दोडक्याची चणाडाळ घालून भाजी. त्याच्या शिरा किसून, तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर परतून चटणी केली की गुरुवारच्या वरणभाताला तोंडीलावणं तयार. शुक्रवारी अर्ध्या दुधीची भाजी, शनिवारी उरलेला दुधी किसून थालीपीठं.

दोडका आणि दुधी चिरण्यापूर्वी कच्ची फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर भाजी टाकूनच द्यावी. हा कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. अळवाला चिंच किंवा आमसूल हवंच, नाहीतर घसा खाजतो. रानभाजी ओळखीच्या विक्रेतीकडूनच घ्यावी आणि ती कशी निवडायची, तेही तिलाच विचारावं.

हंगामातलं सगळंच स्वस्त नसतं. करटुली, शेवळं थोडेच दिवस मिळतात, त्यामुळे महाग असतात. ती मोसमात एकदा हौसेनं आणावीत. रोजच्या ताटासाठी मात्र ज्या भाजीचे सर्वाधिक ढीग लागलेत, तीच घ्यावी.