पानाचा दर आणि पानांची हमी

केटरर ठरवताना घरात सगळी घासाघीस होते ती पानाच्या दरावर. 450चं पान 420ला मिळालं की काम फत्ते झालं असं वाटतं. खरं तर मुंजीचा खर्च ठरतो तो त्याच कागदावरच्या दुसऱ्या आकड्यावर, म्हणजे किमान पानांच्या हमीवर. समजा, दर 420 आणि हमी 250 पानांची. घरच्या वहीत 1,05,000 लिहिले, 50,000 आगाऊ दिले, उरले 55,000. कार्यानंतर आलेलं बिल मात्र असं असतं: हमीच्या पानांचे 1,05,000, जादा 32 पानांचे 450 दराने 14,400, सकाळच्या नाश्त्याच्या 80 प्लेटचे 7,200, आइस्क्रीमचे 10,000, वाहतुकीचे 3,000. त्यावर 5 टक्के जीएसटी धरून एकूण 1,46,580. आगाऊ वजा जाता बाकी 96,580. जेवलेल्या 282 पानांनी भागलं, तर 420चं पान जवळजवळ 520ला पडलेलं असतं.

म्हणून केटररला लुटारू ठरवणं अन्यायाचं आहे. भाजी, दूध, आचारी, वाढपी यांची जुळणी तो आधीच करतो. 250 सांगून 230 आले तरी श्रीखंड 250 जणांचंच झालेलं असतं. हमीचे पैसे तो हक्काने मागतो. पण म्हणूनच हमी हात राखून सांगायला हवी. न आलेल्या 20 पाहुण्यांचे 8,400 रुपये निव्वळ वाया जातात; उलट हमीपेक्षा 20 जास्त आले, तर दरातल्या फरकाचे फक्त 600 रुपये जादा पडतात. ‘अन्न कमी पडलं तर नाचक्की होईल’ ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे हमीवर किती पानांपर्यंत स्वयंपाक पुरेल आणि त्या जादा पानाचा दर काय, हे विसार देतानाच लिहून घेणं. ते न लिहिता हमी फार खाली आणली, तर मात्र शेवटच्या पंगतीला भात-आमटीवर निभावावं लागतं.

ती जादा 32 पानं कुठून आली, हेही पाहायला हवं. बुफेत मोजणी ताटांची होते: 320 ताटं मांडली, 38 कोरी उरली, म्हणजे 282. दुसऱ्यांदा नवं ताट घेणारा पाहुणा त्यात दोनदा धरला जातो आणि केटररचे वाढपी त्याच ताटांत जेवले, तर तेही यजमानाच्या माथी बसतात. मंगलकार्यात ताटं मोजणं कोतेपणाचं दिसतं, असं पुष्कळांना वाटतं. पण जेवणाआधी आणि नंतर घरातल्या एखाद्या पुतण्याने केटररच्या माणसासोबत थप्प्या मोजल्या, तर पाहुण्यांना पत्ताही लागत नाही. त्या 32 पानांत 14 वाढपी निघाले, तर 6,300 आणि त्यावरचा कर 315 कमी होऊन बाकी 89,965वर येते. ही दुरुस्ती बाकी चुकती करण्याआधी, कार्यालयातच करून घ्यावी. दोन दिवसांनी मोजायला थप्प्या उरलेल्या नसतात.