गाडीवरचा बोजा उतरवताना

वाहनकर्जाचा शेवटचा हप्ता भरला, तरी नोंदणी प्रमाणपत्रावरचे बँकेचे नाव आपोआप जात नाही. ती नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे आरटीओच्या दप्तरी असते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 51 नुसार ती काढण्यासाठी मालकाने अर्ज करावा लागतो.

त्यासाठी बँकेकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 घ्यावा. फॉर्म 35 म्हणजे करार संपल्याची सूचना. त्यावर मालक आणि बँक दोघांचीही सही लागते. या कागदांसोबत मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी जोडून, ज्या आरटीओकडे गाडीची नोंद आहे तिथे अर्ज करावा. अर्ज परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवरूनही भरता येतो.

अडचण बहुधा तपशिलात येते. समजा, कर्ज मार्चमध्ये फिटले आणि पत्र कपाटात राहिले. अशा पत्रावर अनेकदा 90 दिवसांचीच मुदत असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये अर्ज केल्यास नवे पत्र आणावे लागते. चॅसी क्रमांकातला एखादा अंक चुकला, तरी अर्ज परत येतो. म्हणून पत्र हाती येताच ते आरसीशी ताडून पाहावे.

नवी आरसी आल्यावर विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरचे बँकेचे नावही काढून घ्यावे. ते राहिले, तर गाडी चोरीला गेल्यावर भरपाई मिळताना बँकेच्या पत्रासाठी पुन्हा खेटे घालावे लागतात.